पाळीच्या तक्रारींची वैद्यकीय नावे : प्रस्तावना

ऑलिगोमेनोरिया, पॉलीमेनोरिया, मेनोरेजिया आणि इंटरमेन्स्ट्रुअल ब्लीडिंग ही नावे स्त्रीरोग विभागातल्या केसपेपरवर रोज लिहिली जातात, पण त्यांतले एकही नाव रोगाचे नाही. पाळी किती दिवसांनी आली, किती दिवस राहिली, किती रक्त गेले आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत काही गेले का, एवढेच ती सांगतात. ‘ताप’ हा शब्द जसा मलेरिया की डेंग्यू हे सांगत नाही, फक्त शोध सुरू करून देतो, तसेच या नावांचे आहे. प्रत्येक नाव शोधाची वेगळी दिशा दाखवते, म्हणून नाव चुकले की पुढचा तपासही चुकीच्या वाटेने जातो.

नाशिक जिल्ह्यात, निफाडच्या द्राक्षबागेत असो की नाशिकरोडच्या वसाहतीत, या सगळ्या तक्रारी बहुधा एकाच वाक्यात सांगितल्या जातात: “अंगावरून फार जातं.” या वाक्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पाळी वेळेवर येऊन रक्त जास्त जात असेल, पाळीच वारंवार येत असेल, ती आठ-दहा दिवस रेंगाळत असेल किंवा पाळी ठीक असून मध्येच डाग पडत असतील. पांढरे जाण्यालाही काही जणी हेच शब्द वापरतात. डॉक्टरने पुढचे प्रश्न विचारले नाहीत तर या वेगवेगळ्या तक्रारींवर एकच गोळी लिहिली जाते.

पहिला प्रश्न मोजणीचा. पाळीचे चक्र रक्त सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. घरी मात्र अनेकदा पाळी संपल्यापासून पुढची येईपर्यंतचे दिवस धरले जातात. ज्या बाईचे चक्र २६ दिवसांचे आहे आणि रक्त सहा दिवस जाते, ती या हिशोबाने “वीस दिवसांतच येते” असे सांगते, आणि ते ऐकून कागदावर पॉलीमेनोरिया लिहिला जाऊ शकतो. तिच्या चक्रात काहीच बिघडलेले नसते. दुसरी गफलत तारखेची. पाळी दर महिन्याला त्याच तारखेला यावी अशी अपेक्षा असते, पण २८ दिवसांचे चक्र दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकते. १ मार्चला आलेली पाळी २९ मार्चला पुन्हा येते, आणि “एका महिन्यात दोनदा आली” हे शब्दशः खरे असूनही पूर्णपणे निरोगी असते. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर केलेल्या तीन महिन्यांच्या खुणा आठवणीतल्या आकड्यांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात. जास्त रक्ताचा दिवस, कमी रक्ताचा दिवस आणि नुसता डाग यांना वेगळी खूण केली, तर डॉक्टरला निम्मे उत्तर तिथेच मिळते.

नाशिकमध्ये या खुणा वाचताना एक गोष्ट आवर्जून विचारावी लागते. वणीच्या सप्तशृंगी गडावरची चैत्रातली यात्रा, नवरात्र, घरातले लग्न किंवा गणपती यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणे सर्रास चालते. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. पाळी अपेक्षित असण्याच्या सुमारे तीन दिवस आधी त्या सुरू करतात आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्त येते. ते गोळी थांबवल्यामुळे आलेले रक्त असते. त्यावरून चक्र लांबले किंवा अनियमित झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या महिन्याच्या पुढे ‘गोळी’ असे लिहून ठेवणे आणि तो महिना हिशोबातून वगळणे एवढेच करायचे असते.

निरोगी पाळी कशाला म्हणावे याचे उत्तर गेल्या दोन दशकांत थोडे बदलले आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत चक्र २१ ते ३५ दिवसांचे धरले जाई. प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, आज मान्य केलेली मर्यादा २४ ते ३८ दिवसांची आहे. रक्त आठ दिवसांपर्यंत जाणे ठीक मानले जाते. प्रत्येक चक्र तंतोतंत सारखे असावे लागत नाही: २६ ते ४१ या वयात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात सात दिवसांपर्यंतचा फरक चालतो, आणि त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या काही वर्षांत नऊ दिवसांपर्यंतचा. म्हणजे एकदा २५ व्या आणि एकदा ३१ व्या दिवशी पाळी येणारी तिशीतली स्त्री अनियमित नाही. नाव कोणतेही सुचत असो, प्रजननक्षम वयातल्या स्त्रीच्या पाळीत बदल झाला की सर्वांत आधी गर्भधारणेची तपासणी होते. कारण पाळी चुकून मग थोडे रक्त जाणे ही गर्भपाताची किंवा गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची खूण असू शकते, आणि गर्भनलिकेतला गर्भ जिवावर बेतू शकतो.

ऑलिगोमेनोरिया म्हणजे विरळ येणारी पाळी. जुन्या हिशोबाने ३५ आणि नव्या हिशोबाने ३८ दिवसांपेक्षा लांब चक्र. बोलीत “पाळी लांबते” किंवा “दोन-दोन महिने येत नाही” असे म्हणतात. या नावाचा रोख बहुतेक वेळा अंडाशयाकडे असतो. चक्राचा उत्तरार्ध, म्हणजे बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ, साधारण दोन आठवड्यांचा आणि बराचसा स्थिर असतो. बीज तयार व्हायला लागणारा पूर्वार्ध मात्र लांबू शकतो. म्हणून चक्र लांबले की बीज उशिरा सुटते आहे किंवा सुटतच नाही, असा अंदाज बांधतात. त्यामागे पीसीओएस हे सर्वांत नेहमीचे कारण असते. त्याला बोलण्यात पीसीओडी म्हणतात. थायरॉइड मंदावणे, प्रोलॅक्टिन वाढणे, वजन झपाट्याने कमी होणे आणि चाळिशीनंतर पाळी जाण्याचा काळ जवळ येणे ही त्यानंतरची कारणे.

पण वय पाहिल्याशिवाय हे नाव लावता येत नाही. पहिली पाळी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात चक्र लांब-आखूड होणे स्वाभाविक असते, कारण मेंदू आणि अंडाशय यांच्यातला संप्रेरकांचा ताळमेळ अजून बसलेला नसतो. पहिल्या ते तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांपर्यंतचे चक्रही चालते. सातवीतल्या मुलीला दोन वेळा पाळी चुकली म्हणून सोनोग्राफी करून ‘पीसीओडी’ सांगितले जाते, ते बहुधा घाईचे असते. त्या वयात अंडाशयात बारीक फोड दिसणे नेहमीचेच असते, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे किशोरवयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नका असे सांगतात. मात्र पहिल्या वर्षानंतर एखादे चक्रही ९० दिवसांच्या पुढे गेले, तर तपासणी हवीच.

विरळ पाळी म्हणजे रक्त वाचले, अशी एक समजूत आहे. खरे तर बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा परिणाम चालूच राहतो आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. अस्तर वाढत जाते. दोन-तीन महिन्यांनी ते ढासळते, तेव्हा पंधरा-वीस दिवस थांबत नाही असे रक्त जाते. त्याच बाईच्या कागदावर मग आधी ऑलिगोमेनोरिया आणि नंतर मेनोरेजिया असे लिहिले जाते. कारण एकच असते. वर्षानुवर्षे असे चालले तर अस्तराची वाढ कर्करोगाकडे झुकू शकते, म्हणून पीसीओएस असलेल्या स्त्रीला तीन महिन्यांत पाळी आली नाही तर औषध देऊन ती आणतात.

पाळी विरळ होण्याबरोबर रक्तही अगदी कमी, एखादा डाग पडण्याइतके झाले, तर त्या कमी रक्ताला हायपोमेनोरिया हे वेगळे नाव आहे. भारतात या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गर्भाशयाच्या क्षयरोगात अस्तर खराब होऊन पाळी कमी-कमी होत जाते. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या स्त्रीत हा क्षय अनेकदा तेव्हाच पहिल्यांदा सापडतो, कारण खोकला किंवा ताप यांपैकी काहीही नसते. वारंवार किंवा खोल क्युरेटिंग झाल्यावर आतल्या भिंती चिकटूनही असेच होते.

पॉलीमेनोरिया म्हणजे वारंवार येणारी पाळी: जुन्या हिशोबाने २१ आणि नव्या हिशोबाने २४ दिवसांपेक्षा लहान चक्र. चाळिशीच्या आसपास बीज लवकर तयार होऊ लागते आणि चक्र आखडते. तो वयाचाच भाग असतो. बीज न सुटणे आणि थायरॉइडचा बिघाड ही इतर कारणे. खऱ्या पॉलीमेनोरियात प्रत्येक रक्तस्राव पाळीसारखाच असतो, साधारण तितकेच दिवस आणि तितकेच रक्त. हे नाव जितक्या वेळा कागदावर लिहिले जाते, तितक्या वेळा ते खरे नसते, कारण मोजणीच्या चुकांखेरीज आणखी एक तक्रार त्याच्या वेषात येते. ती म्हणजे मधल्या काळातले रक्त.

उदाहरणादाखल निफाड तालुक्यातल्या ३८ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईची तक्रार घेऊ. “महिन्यातून दोनदा पाळी येते, कधी पंधरा दिवसांनी, कधी दहा दिवसांनी,” असे ती सांगते. रक्त आलेल्या सगळ्या तारखा अशा: ४ जानेवारी, १७ जानेवारी, १ फेब्रुवारी, ११ फेब्रुवारी, १ मार्च, २२ मार्च आणि २९ मार्च. प्रत्येक तारीख पाळी धरली तर अंतरे १३, १५, १०, १८, २१ आणि ७ दिवस येतात. यावरून पॉलीमेनोरिया, शिवाय अनियमित, असा शेरा पडेल आणि पाळी ‘ताळ्यावर आणण्यासाठी’ संप्रेरकांच्या गोळ्या लिहिल्या जातील. आता खुणा पाहा. ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च आणि २९ मार्च या दिवशी सुरू झालेले रक्त पाच-सहा दिवस चालले, पहिले दोन दिवस पॅड तीन-चारदा बदलावे लागले, पोटात नेहमीसारखे दुखले. १७ जानेवारी, ११ फेब्रुवारी आणि २२ मार्चला मात्र एक-दोन दिवस नुसते डाग पडले, पोट दुखले नाही, आणि विचारल्यावर कळते की त्यांतल्या दोन वेळा आदल्या रात्री नवरा-बायकोचा संबंध आला होता.

चारही पाळ्यांमधले अंतर बरोबर २८ दिवसांचे आहे. चक्र इतके नियमित असेल तर बीज वेळेवर सुटत असण्याची शक्यता दांडगी असते. म्हणजे अंडाशय आणि संप्रेरके यांच्याकडे पाहण्याची गरज सर्वांत कमी. शोध घ्यायचा आहे तो मधल्या डागांचा, आणि तो गर्भाशयमुखापासून सुरू होतो. स्पेक्युलम लावून मुख डोळ्यांनी पाहणे ही इथे पहिली तपासणी आहे, सोनोग्राफी नंतरची. मुखावर पॉलिप असेल तर लालसर लोंबणारा कोंब दिसतो. मुखाला सूज असेल, किंवा सहज रक्त येणारी जखम असेल, तर तीही दिसते, आणि तिथून पुढे बायॉप्सी लागते. मुख स्वच्छ असेल तर पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, अस्तर पातळ असताना, योनिमार्गातून सोनोग्राफी करतात. तेव्हा आतला पॉलिप नीट दिसतो. गोळ्यांनी हे डाग काही महिने थांबलेही असते, आणि त्या काळात मुख कोणीच पाहिले नसते. पॉलीमेनोरिया हा शब्द इथे लागला असता तर त्याने एवढे नुकसान केले असते.

मधल्या काळातल्या रक्ताला इंटरमेन्स्ट्रुअल ब्लीडिंग म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याला मेट्रोरेजिया हा शब्द आहे. दर महिन्याला ठरावीक दिवशी, चक्राच्या मध्यावर, एक-दोन दिवस हलका डाग पडत असेल तर ते बीज सुटताना संप्रेरकांत होणाऱ्या चढउतारामुळे असू शकते आणि त्यात काळजी कमी असते. वाटेल त्या दिवशी पडणारे डाग पॉलिप, गर्भाशयमुखाचा जंतुसंसर्ग, फायब्रॉइड किंवा कर्करोग यांच्याकडे बोट दाखवतात. तांबी बसवलेली असेल, गर्भनिरोधक गोळी चुकली असेल किंवा संततिनियमनाचे इंजेक्शन घेतले असेल, तर त्यामुळे येणारे रक्त वेगळे मोजतात. संबंधानंतर येणारे रक्त हे वेगळे विचारून घ्यायचे असते, कारण ते आपण होऊन फार थोड्या जणी सांगतात. सासू शेजारी बसलेली असताना तर कोणीच सांगत नाही. तेवढ्यासाठी बाईशी एकटीशी बोलणे हा तपासाचा भाग आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग इथे लक्षात ठेवण्याचे कारण महाराष्ट्रातच दाखवून दिले गेले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया सहभागी झाल्या. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या तपासणीचा उपयोग डाग पडण्याआधी असतो, काही लक्षण नसताना. डाग पडू लागल्यावर तपासणीच्या शिबिराची वाट पाहायची नसते. मुख तेव्हाच पाहायचे असते.

मेनोरेजिया या शब्दाला सर्वांत जास्त बायका सामोऱ्या जातात. पाळी वेळेवर येते, पण रक्त जास्त जाते किंवा जास्त दिवस जाते. पाठ्यपुस्तकांत याची व्याख्या एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त अशी आहे, आणि सामान्य पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० हा आकडा १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या मोजमापांवरून आला. त्या अभ्यासात वापरलेले पॅड गोळा करून त्यांतले रक्त रसायनाने काढून मोजले गेले होते आणि यापेक्षा जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय अधिक दिसला. दवाखान्यात असे मोजणे शक्य नसते. म्हणून ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, आणि पुढे फिगोनेही, वेगळी व्याख्या स्वीकारली: रक्त इतके जाते की त्यामुळे बाईच्या शरीरावर, मनावर, घरच्या किंवा बाहेरच्या कामावर परिणाम होतो, तर ते जास्त. किती रक्त जास्त, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईकडे आला.

तरीही अंदाजासाठी ठोस खुणा लागतात. एक-दोन तासांत पॅड भिजून बदलावा लागणे, असे सलग काही तास चालणे, रात्री उठून बदलावे लागणे, एकावर एक दोन पॅड लावावे लागणे, आठ दिवसांपलीकडे रक्त चालू राहणे, आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे या त्या खुणा. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी काढलेल्या चित्रतक्त्यात थोडा डागलेल्या पॅडला १, मध्यम भिजलेल्याला ५ आणि पूर्ण भिजलेल्याला २० गुण देतात. लहान गाठीला १ आणि मोठीला ५. संपूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली की रक्त जास्त जाते असे मानतात. चार पॅड पूर्ण भिजले, चार मध्यम भिजले आणि दोन मोठ्या गाठी पडल्या, तर बेरीज ११० होते.

हा तक्ता नाशिकच्या खेड्यांत वापरताना दोन अडचणी येतात. कपडा वापरणाऱ्या बाईला तो लागू होत नाही. घडीचे किती पदर भिजले, हेच विचारावे लागते. दुसरी अडचण कामाची. द्राक्षाच्या छाटणीला, थिनिंगला किंवा काढणीला सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत बागेत असतात, आणि बदलायला आडोसा किंवा पाणी मिळतेच असे नाही. दिवसभर एकच पॅड ठेवलेली बाई “दोनदाच बदलते” असे सांगते. आकडा कमी येतो, पण रक्त कमी गेलेले नसते. तिला विचारायचा प्रश्न वेगळा: कपड्यांवर डाग पडतो का, त्या दिवसांत गडद रंगाचीच साडी नेसावी लागते का, कामावर खाडा होतो का.

जास्त रक्ताचा परिणाम लोहाच्या हिशोबात दिसतो. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. ८० मिलिलिटर रक्ताबरोबर ४० मिलिग्रॅम लोह जाते. २८ दिवसांवर वाटले तर रोज जवळजवळ दीड मिलिग्रॅम. शरीर एरवीही रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह गमावते. म्हणजे रोज अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह आतड्यांनी शोषायला हवे, आणि भाकरी, डाळ, भाजी अशा जेवणातून, वर चहा घेत, तेवढे शोषले जाणे अवघड असते. तूट आधी शरीराच्या साठ्यातून भरते. साठा दाखवणारे फेरिटिन घसरते, तेव्हा हिमोग्लोबिन अजून ठीक असते. बाईला मात्र दम लागतो, केस गळतात, जिना चढवत नाही. हिमोग्लोबिन नंतर उतरते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याला पाळी हे एकच कारण नाही, पण लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर पाळीची चौकशी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पाळी नियमित आणि रक्त जास्त, ही जोडी गर्भाशयाकडे किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेकडे लक्ष वेधते. आतल्या पोकळीत शिरलेला फायब्रॉइड, स्नायूत अस्तर रुजून गर्भाशय जाड व दुखरे करणारा अ‍ॅडेनोमायोसिस, आणि तांबी ही नेहमीची कारणे. चाळिशीतल्या बाईच्या पाळीत रक्ताबरोबर दुखणेही वाढत गेले असेल तर अ‍ॅडेनोमायोसिसचा संशय आधी घेतात. याउलट पहिल्याच पाळीपासून रक्त थांबत नसलेल्या मुलीत फायब्रॉइड शोधण्यापेक्षा रक्त गोठण्याचा दोष शोधायचा असतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले, त्याच्या शोधाची सुरुवात आलंड बेटांवरच्या एका लहान मुलीपासून झाली. ती पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि त्यावर उपचार आहेत. दात काढल्यावर रक्त लवकर थांबले नव्हते का, अंगावर सहज काळे-निळे डाग पडतात का, आईच्या बाळंतपणात फार रक्त गेले होते का, या प्रश्नांनी त्याचा माग लागतो.

उपचाराच्या वेळी हा फरक लगेच कामी येतो. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी पाळीच्या जास्त रक्ताच्या दिवसांत घेतली तर रक्त साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होते. चक्राच्या लांबीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. विरळ पाळीच्या मूळ कारणालाही ती हात लावत नाही.

इतक्या नावांचा गोंधळ तज्ज्ञांनाही जाणवला होता. मेनोरेजिया हा शब्द एका देशात तक्रारीसाठी, दुसऱ्या देशात निदानासाठी वापरला जाई. माल्कम मन्रो आणि इयन फ्रेझर यांच्या पुढाकाराने झालेल्या चर्चांनंतर ग्रीक-लॅटिन नावे सोडून साधी वर्णने वापरावीत असे ठरले, आणि फिगोने ती पद्धत स्वीकारली: विरळ पाळी, वारंवार पाळी, जास्त रक्ताची पाळी, लांबलेली पाळी, मधल्या काळातले रक्त. २०११ मध्ये त्याला कारणांच्या वर्गीकरणाची जोड मिळाली. पाम-कोइन असे त्याचे नाव. पहिल्या चार अक्षरांत डोळ्यांनी, सोनोग्राफीत किंवा बायॉप्सीत दिसणारी कारणे येतात: पॉलिप, अ‍ॅडेनोमायोसिस, फायब्रॉइड, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अस्तराची वाढ. उरलेल्यांत न दिसणारी कारणे येतात: रक्त गोठण्याचा दोष, बीज सुटण्यातला बिघाड, अस्तराचाच दोष, औषधांमुळे किंवा तांबीमुळे आलेले रक्त, आणि अजून वर्गवारी न लागलेले. वैद्यकीय विद्यार्थी आजही जुनी नावे शिकतात, आणि रुग्णांच्या हातातल्या कागदांवर ती अजून बरीच वर्षे दिसत राहतील, म्हणून दोन्ही ओळखीची असावी लागतात. नव्या पद्धतीचा मोठा फायदा असा की वर्णन आणि कारण या दोन वेगळ्या ओळी झाल्या. पहिल्या ओळीवर थांबले, तर दुसरी रिकामी दिसते.

ती दुसरी ओळ रिकामी राहिली की काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की तीन वर्षांत तिथल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोडणीच्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाणे, पांढरे जाणे, पोट दुखणे या तक्रारी घेऊन गेलेल्या, तिशी-पस्तिशीतल्या अनेकजणींना पिशवीत कर्करोग होईल अशी भीती घातली गेली होती. कोयत्यावर पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हेही त्या निर्णयामागे होते. मेनोरेजियामध्ये पिशवी काढणे हा उपचार असू शकतो, पण कारण ठरल्यावर आणि गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी यांसारखे उपाय करून झाल्यावर. पांढरे जाणे हे तर त्यासाठी कधीच कारण नसते. चाळिशीच्या आत पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती त्याच आठवड्यात सुरू होते आणि हाडांची झीज व हृदयरोगाचा धोका अनेक वर्षे आधी मागे लागतो. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्या कागदावर पाम-कोइनमधले कारण लिहिलेले आहे का, अस्तराची बायॉप्सी लागणाऱ्या वयात ती झाली का, आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे तीन प्रश्न विचारणे रास्त आहे.

एक रक्तस्राव या कुठल्याच नावात बसत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. त्यानंतर आलेला एक डागही पाळी परत आल्याची खूण नसतो. “पुन्हा सुरू झाली” म्हणून बऱ्याच जणी तो अंगावर काढतात. अनेकदा त्याचे कारण अस्तर किंवा योनीची त्वचा कोरडी व पातळ होणे इतके साधे निघते, पण अस्तराच्या कर्करोगाची सुरुवात नेमकी अशाच डागाने होते. इथे गर्भाशयमुख पाहतात आणि योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी असते. जास्त असेल, किंवा जाडी कमी असूनही डाग पुन्हा पडला, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात.